सरकत्या गेटचे गणित दात्यांत असते

सोसायटीचे सरकते गेट मोटरवर चालते तेव्हा मोटरच्या शाफ्टवरचे छोटे दातेरी चाक, म्हणजे पिनियन, गेटला लावलेल्या दातेरी पट्टीला ढकलत असते. ही पट्टी म्हणजे रॅक. पिनियनच्या एका फेऱ्यात गेट किती सरकेल आणि रॅक किती लांब घ्यावी, हे दोन्ही हिशेब दात्यांवरून निघतात.

मॉड्यूल म्हणजे दात्याचा आकार सांगणारा आकडा. त्याला ३.१४१६ ने गुणले की एका दात्यापासून पुढच्या दात्यापर्यंतचे अंतर मिळते. गेटसाठी मॉड्यूल ४ ची रॅक सर्रास वापरतात. तिचे हे अंतर १२.५७ मिमी. पिनियनला १६ दाते असतील, तर एका फेऱ्यात रॅकचे १६ दातेच पुढे जातात आणि गेट २०१ मिमी सरकते. चार मीटर उघडायला जवळपास २० फेरे लागतात.

इथे एक चूक वारंवार होते. कॅलिपर लावून पिनियनचा बाहेरचा व्यास मोजतात. तो ७२ मिमी भरतो, कारण दात्यांची टोके पिच वर्तुळाच्या बाहेर असतात. त्यावरून परीघ २२६ मिमी येतो. मोटरचे फेरे मोजून गेट थांबवणाऱ्या कंट्रोलरला हा आकडा दिला, तर चार मीटरऐवजी गेट साडेतीन मीटरच उघडते. व्यास मोजण्यापेक्षा दाते मोजावेत. मॉड्यूलची खात्री नसेल, तर रॅकवर दहा दात्यांचे अंतर मोजा. ते साधारण १२५.७ मिमी भरले, तर मॉड्यूल ४.

आता रॅकची लांबी. या रॅकचे तुकडे बहुधा ८० दात्यांचे, म्हणजे १००५ मिमीचे मिळतात. चार तुकडे ४०२१ मिमी होतात आणि पुरतील असे वाटते. पण बटण सोडल्यावरही गेट जडत्वाने थोडे पुढे जाते, लिमिट स्विचच्या पट्ट्यांनाही जागा लागते. दोन्ही टोकांना वीस-वीस सेंटीमीटर धरले, तर ४४०० मिमी हवे, म्हणजे पाच तुकडे आणायचे आणि जास्तीचा भाग कापायचा.

खरी कसोटी सांध्याची. तुकडा नेमका एक मीटरचा कापलेला असेल आणि तो दुसऱ्याला चिकटवून बसवला, तर सांध्यावर दात्यांचे अंतर पाच मिमी कमी पडते. मग गेट प्रत्येक वेळी त्याच जागी ‘टक्’ करून धक्का खाते. म्हणून सांध्यावर रॅकचा एक उरलेला तुकडा उलटा दाबून धरावा, दाते दोन्हीकडे नीट बसू द्यावेत, आणि मगच स्क्रू आवळावेत.

शेवटी पिनियन आणि रॅक यांच्या दात्यांत एक-दोन मिमीची फट ठेवा. त्या फटीने गेटचे एका फेऱ्यातले सरकणे बदलत नाही, ते दात्यांनी ठरलेलेच असते. फट नसेल तर मात्र गेटचे वजन चाकांऐवजी पिनियनवर येते आणि मोटरचे बेअरिंग लवकर जाते.