एक इंचाचं अक्षर आणि ७२ पॉइंट

रक्तदान शिबिराचं पोस्टर करायला आलेला कार्यकर्ता डीटीपीवाल्याला सांगतो, "मथळ्याचं अक्षर चांगलं एक इंच उंच पाहिजे." हिशेब सोपा वाटतो. एका इंचात ७२ पॉइंट असतात, म्हणून आकाराच्या चौकटीत ७२ टाकलं जातं. पोस्टर छापून हातात आल्यावर फूटपट्टी लावली, तर अक्षर अर्ध्या इंचाहून जेमतेम जास्त भरतं. कोणाचंही गणित चुकलेलं नसतं. एका इंचाचे ७२ पॉइंट हे अगदी खरं आहे. फक्त पॉइंटमध्ये जे मोजलं जातं ते अक्षर नसतं.

त्यासाठी खिळ्यांच्या छापखान्यात डोकावायला हवं. जावजी दादाजींच्या निर्णयसागरसारख्या छापखान्यात मजकूर शिशाचे खिळे एकेक करून जुळवला जायचा. खिळा म्हणजे धातूचा छोटा ठोकळा आणि त्याच्या डोक्यावर उठावाचं उलटं अक्षर. ओळी एकाखाली एक नीट बसायच्या तर एका मापाचे सगळे ठोकळे सारख्याच उंचीचे असावे लागत, मग त्यावर टिकली एवढा अनुस्वार असो की लांब उकार. पॉइंट हे त्या ठोकळ्याचं माप. अक्षर ठोकळ्याच्या आत कुठेतरी बसलेलं असतं, वर-खाली थोडी मोकळी जागा सोडून. खिळे गेले, संगणक आला, पण ठोकळा राहिला. तो आता दिसत नाही एवढंच. पडद्यावर `pt` समोर तुम्ही जो आकडा भरता, तो याच अदृश्य चौकटीची उंची असते.

चौकटीपुरतं रूपांतर तोंडपाठ करण्याइतकं सोपं आहे. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. त्याला ७२ ने भागलं की एक पॉइंट ०.३५२८ मिलिमीटरचा येतो. म्हणजे १०० पॉइंटची चौकट साधारण साडेतीन सेंटिमीटर उंच असते. जुन्या छपाईतला पॉइंट देशोदेशी किंचित वेगळा होता, पण आजची रचनेची सॉफ्टवेअरं इंचाचा बहात्तरावा भागच धरतात, तेव्हा त्या जुन्या फरकात शिरण्याचं कारण नाही.

खरा प्रश्न पुढचा आहे. चौकटीचा किती भाग अक्षर व्यापतं? हे प्रत्येक फॉन्टमध्ये वेगळं असतं आणि देवनागरीत तर फारच वेगळं. रोमन लिपीला खाली लोंबणाऱ्या शेपट्यांपुरती जागा ठेवली की भागतं, म्हणून एरियलसारख्या फॉन्टमध्ये मोठं अक्षर चौकटीच्या सुमारे ७२ टक्के उंचीचं असतं. देवनागरीत शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकाखाली एक रचलेली जोडाक्षरं. ही सगळी मंडळी चौकटीत सामावायची, तर मधलं मूळ अक्षर आखूड होणारच. शिरोरेघेपासून अक्षराच्या तळापर्यंतची उंची अनेक फॉन्टांत चौकटीच्या निम्म्याहून थोडी जास्त भरते, काहींत त्याहूनही कमी. मंगल आणि कोकिला हे दोन फॉन्ट एकाच पॉइंटमध्ये शेजारी ठेवून पाहा. कोकिला इतका लहान दिसतो की आकडे सारखे आहेत यावर विश्वास बसत नाही.

म्हणून माझा आग्रह असतो की कोष्टकं शोधत बसू नये, आपण वापरणार तो फॉन्ट मोजून घ्यावा. कोऱ्या पानावर त्या फॉन्टमध्ये १०० पॉइंटचा 'म' टाका आणि साध्या प्रिंटरवर कागद काढा. 'म'च निवडायचा, कारण त्याचा काना शिरोरेघेपासून तळापर्यंत सरळ उतरतो आणि पट्टी कुठे लावायची याचा घोळ होत नाही. समजा ती उंची साडेएकोणीस मिलिमीटर भरली. मग त्या फॉन्टचा एक पॉइंट तुम्हाला ०.१९५ मिलिमीटर दिसणारं अक्षर देतो. हा आकडा त्या फॉन्टच्या नावापुढे लिहून ठेवा. हवी असलेली उंची मिलिमीटरमध्ये घ्यायची आणि या आकड्याने भागायची, की पॉइंट मिळतात. सुरुवातीच्या कार्यकर्त्याचं एक इंचाचं अक्षर हवं तर २५.४ भागिले ०.१९५, म्हणजे १३० पॉइंट. ७२ आणि १३० यांतला फरक म्हणजे अक्षराच्या वर-खालची ती अदृश्य मोकळी जागा.

आता हेच पोस्टर पूर्ण करून पाहू. कागद ए-२, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर. ते एसटी स्टँडच्या भिंतीवर लागणार आहे. मथळा समोरच्या फलाटावरून, सहा मीटरवरून वाचता यायला हवा. तारीख, वेळ, पत्ता हा मजकूर जवळ येऊन, दोन मीटरवरून वाचला जाईल. फलकांसाठी एक व्यवहारी नियम वापरतात, अंतराला २०० ने भागायचं. सहा हजार मिलिमीटरला ३० मिलिमीटर आणि दोन हजाराला १०. हा नियम सढळ आहे. डोळे तपासायच्या तक्त्यावर सहा मीटरवरून निरोगी नजरेने वाचायची अक्षरं ९ मिलिमीटरच्या आसपासच असतात. पण तिथे माणूस खुर्चीत बसून, चांगल्या उजेडात, मुद्दाम ताण देऊन वाचत असतो. स्टँडवर तो बॅग सांभाळत चालता चालता वाचतो. शिवाय 'घ' आणि 'ध' किंवा 'म' आणि 'भ' यांना वेगळं करणारी रेघ फार बारीक असते. म्हणून देवनागरीत हा सढळपणा कमी करू नये असं मला वाटतं.

आपल्या फॉन्टचा आकडा ०.१९५. मथळ्यासाठी ३० भागिले ०.१९५ म्हणजे १५४ पॉइंट. खालच्या मजकुरासाठी १० भागिले ०.१९५ म्हणजे ५१ पॉइंट. उंची ठरली, पण ओळ कागदात मावते का? त्यासाठी त्याच चाचणीच्या कागदावर 'रक्तदान शिबिर' हे शब्द १०० पॉइंटमध्ये टाकून रुंदी मोजा. ती १८५ मिलिमीटर भरली, तर १५४ पॉइंटला ती १.५४ पट, म्हणजे २८५ मिलिमीटर होईल. दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर समास सोडून ३८० उरतात. आरामात बसलं. बसत नसेल तर शब्द कमी करावेत किंवा मथळा दोन ओळींत मोडावा. अक्षर आडवं दाबून बारीक करण्याचा मोह होतो, पण तसं केलं की उभे काने पातळ होतात आणि लांबून वाचनीयता आधी तिथेच जाते.

ओळींमधलं अंतरही पॉइंटमध्येच मोजलं जातं. ५१ पॉइंटच्या मजकुराला ७० पॉइंटची ओळ दिली, तर प्रत्येक ओळ सुमारे पावणेपंचवीस मिलिमीटर जागा घेते. कमी द्यायचं असेल तर वरच्या ओळीत 'कू' आणि खालच्या ओळीत 'र्की' येईल असं एकदा टाकून पाहावं. उकार आणि रफार एकमेकांना भिडले, तर अंतर अपुरं आहे.

इथवर सगळं बरोबर असूनही पोस्टर चुकतं, ते छापताना. पीडीएफ छापायच्या खिडकीत `Fit` निवडलेलं असेल, तर प्रिंटर पान आपल्या कागदात बसवण्यासाठी परस्पर लहान करतो. निवडायचं असतं `Actual size`. खर्च वाचवायला कोणी तेच पोस्टर ए-३ वर काढलं, तर प्रत्येक माप ०.७०७ पट होतं. ३० मिलिमीटरचा मथळा २१ मिलिमीटरवर येतो आणि आपल्याच नियमाने तो सहा मीटरऐवजी सव्वाचार मीटरवरून वाचता येतो. हे ओळखायला एक साधी युक्ती आहे. फाइलमध्ये समासाच्या कडेला बरोबर १०० मिलिमीटर लांबीची बारीक रेघ आखून ठेवा. प्रूफ आलं की आधी त्या रेघेवर पट्टी ठेवा. ९७ भरली तर सगळंच पोस्टर तीन टक्के लहान झालं आहे, अक्षरं तपासत बसायची गरज नाही. अंतिम छपाईआधी रेघ काढून टाकायला मात्र विसरू नये.

फ्लेक्सचं काम फुटांत चालतं आणि फाइल बहुतेक वेळा लहान प्रमाणात केली जाते. दहा बाय चार फुटांचा फलक दहा बाय चार इंचांच्या पानावर करायचा, म्हणजे एका इंचाला एक फूट. या प्रमाणात फाइलमधला एक पॉइंट छापल्यावर बारा पॉइंट होतो, म्हणजे बरोबर इंचाचा सहावा भाग. फाइलमधला ३० पॉइंटचा मथळा फलकावर पाच इंची चौकट घेतो आणि आपल्या फॉन्टमध्ये दिसणारं अक्षर पावणेतीन इंचांचं येतं. लहान प्रमाणात काम करण्याला आणखी एक कारण आहे. इलस्ट्रेटरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फॉन्टचा आकडा १२९६ पॉइंटच्या पुढे जात नाही, आणि १२९६ पॉइंट म्हणजे दीड फूटच.

दुकानांच्या पाट्यांना हा हिशेब आता कायद्यानेच लागू पडतो. महाराष्ट्रात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार पाटीवर मराठी नाव देवनागरीत आधी हवं आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत. अनेक पाट्यांवर दोन्ही नावांना एकच पॉइंट देऊन काम उरकलं जातं. १०० पॉइंटला एरियलचं मोठं अक्षर २५ मिलिमीटर भरतं आणि आपल्या फॉन्टमधलं देवनागरी साडेएकोणीस. संगणकावर आकडे सारखे, पण भिंतीवर मराठी उघड लहान. दोन्ही समान दिसायची, तर मराठी १०० पॉइंटला इंग्रजी ७७ वर आणावं लागेल, किंवा इंग्रजी १०० ठेवून मराठी १३० करावं लागेल. पाटीवाल्याला काम देताना पॉइंट सांगूच नयेत. शिरोरेघेपासून तळापर्यंत अमुक इंच, आणि इंग्रजी मोठं अक्षर त्याहून जास्त नको, असं कागदावर लिहून द्यावं. पाटी आली की तीच दोन मापं पट्टीने मोजून घ्यावीत आणि मग ती भिंतीवर चढवायला सांगावं.