वाघ बनावट, पाटी कुठे लावायची?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरीच्या वन विश्रामगृहाबाहेर बसलेल्या माणसावर वाघ झडप घालतो, असा सीसीटीव्हीचा वाटणारा व्हिडिओ नोव्हेंबर २०२५ मध्ये गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांत फिरला. असे काही घडलेलेच नाही, हे चित्रण एआयचे आहे, असा खुलासा वन विभागाला करावा लागला. चंद्रपूरला खेटून असलेल्या तेलंगणातल्या आदिलाबादेत अशा व्हिडिओची धास्ती जास्तच, कारण तिकडे खरे वाघ येतात. २०२४ मध्ये ‘जॉनी’ नावाचा नर वाघ महाराष्ट्रातून जोडीदारीण शोधत याच जिल्ह्यात उतरला होता, तेही ऐन कापूस वेचणीच्या हंगामात. खोट्या व्हिडिओमुळे माणसे शेतात जायला घाबरतात. पण चार खोटे पाहून झाल्यावर पाचवा खरा निघाला, तरी “एआय असेल” म्हणून निर्धास्त जातात, हे त्याहून वाईट.

आता समजा, आदिलाबादच्या बेला मंडळातला एक तरुण वाघापासून सावध राहण्याबद्दल चाळीस सेकंदांचा मराठी व्हिडिओ करतो. शेत त्याने मोबाइलवर टिपलेले, मजकूरही त्याचाच. वाघ मात्र एआयचा आणि आवाज संगणकाचा. यूट्यूबवर टाकताना `Altered content` या प्रश्नाला ‘हो’ म्हटले की त्याचे काम संपले का? ती सूचना बहुधा वर्णनात दिसते. कुणी व्हिडिओ उतरवून पुढे ढकलला की ती मागेच राहते. फाइलमधली छुपी नोंदही स्क्रीन रेकॉर्डिंगमध्ये टिकत नाही.

म्हणून पाटी चित्रातच कोरलेली हवी, आणि जागा विचारपूर्वक निवडायला हवी. शॉर्ट्सच्या खालच्या भागावर शीर्षक चढते, उजवीकडे बटणे येतात. उभा व्हिडिओ चौकोनी कापला की वरचा भागही जातो. १०८० बाय १९२० च्या चौकटीत मधला चौकोन वरून ४२० व्या पिक्सेलपासून सुरू होतो. त्याच्या जरा खाली, डाव्या बाजूला लावलेली पाटी बहुतेक वेळा वाचते. वाघ पडद्यावर असेपर्यंत ती हलू नये, कारण लोक नेमका तेवढाच तुकडा कापतात.

मजकूरही नेमका हवा. नुसत्या ‘एआय’ने शेतही खोटे ठरते. ‘वाघाचे दृश्य संगणकाने बनवलेले, शेत खरे’ असे मराठीत आणि तेलुगूत लिहावे. आवाजाबद्दल पहिल्याच वाक्यात बोलून सांगावे, कारण फोन खिशात ठेवून ऐकणाऱ्याला पाटी दिसत नाही. रंग सुधारला किंवा वाऱ्याचा आवाज कमी केला, तर मात्र पाटी नको. सगळ्यावरच ती आली की कुणी वाचत नाही.

२० फेब्रुवारी २०२६ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नियमांनुसार एआयने बनवलेल्या, खऱ्या वाटणाऱ्या सामग्रीवर ठळक खूण लागते, आणि ती काढता येऊ नये अशी व्यवस्था मंचांनी करायची आहे. पण ब्रह्मपुरीसारखा व्हिडिओ करून एखाद्याला फसवायचेच असते. असा माणूस पाटी लावणार नाही. तिथे शेवटी वनरक्षकालाच फोन करावा लागतो.