९९.५९ टक्के आणि बुधवारची रांग

सोमवारी साडेदहाला अहवाल गेला आणि पावणेअकराला फोन आला. "अहो, तुमच्या कागदावर सगळं हिरवं आहे. मग बुधवारी माझ्या काउंटरसमोर रांग कसली लागली होती?"

फोन होता एका पतसंस्थेच्या व्यवस्थापिकांचा. चौदा शाखा, आणि सगळ्यांचा हिशेब एकाच संगणक प्रणालीवर. ती प्रणाली सांभाळायचं काम आमच्याकडे होतं, आणि गेल्या आठवड्यात ती कशी चालली हे दर सोमवारी लिहून पाठवायचं काम माझ्याकडे. मी पाठवलेल्या अकरा पानांच्या पहिल्याच ओळीत होतं: अपटाइम ९९.५९ टक्के. आकडा खरा होता. बाईंची तक्रारही खरी होती.

त्याचं कारण भागाकारात आहे. आठवड्यात १०,०८० मिनिटं असतात. बुधवारी सकाळी १०:२० ते ११:०१, म्हणजे ४१ मिनिटं व्यवहार बंद होते. ही ४१ मिनिटं १०,०८० मधून वजा केली की ९९.५९ टक्के येतात. पण या १०,०८० मिनिटांत सगळ्या रात्री येतात, रविवारही येतो, आणि तेव्हा शाखेला कुलूप असतं. शाखा आठवड्यातले सहा दिवस, दहा ते पाच चालते. म्हणजे ४२ तास, २,५२० मिनिटं. त्यांच्यावर भाग दिला की तेच ४१ मिनिटांचं बंद पडणं ९८.३७ टक्क्यांवर येतं. करारात ९९.५ टक्के लिहिले होते. चोवीस तासांच्या हिशेबाने आम्ही पास, शाखेच्या घड्याळाने नापास. मी लबाडी केली नव्हती. यंत्राने जो छेद दिला तोच घेतला होता. यंत्राला शाखेची वेळ ठाऊक नसते.

तेव्हापासून मी अपटाइम दोन ओळींत लिहितो: शाखा उघडी असतानाचा आधी, चोवीस तासांचा त्याखाली. टक्क्यांशेजारी मिनिटंही लिहितो. ९९.९ ऐकायला भारी वाटतं. आठवड्याला दहा मिनिटं बंद, असं म्हटलं की माणसाला नेमकं कळतं.

आता हिरव्या रंगाबद्दल. आमच्या धंद्यात अशा अहवालाला कलिंगड म्हणतात: वरून हिरवा, कापला की लाल. बुधवारीही आमच्या पडद्यावरचा दिवा सबंध वेळ हिरवाच होता. कारण तो दिवा सर्व्हरला एवढंच विचारत होता, "जागा आहेस का?" सर्व्हर जागाच होता. शिल्लक दिसत होती, जुनं खातं उघडत होतं. फक्त नवी नोंद होत नव्हती, कारण डिस्क भरली होती. वही संपल्यासारखं समजा: मागची पानं वाचता येतात, पुढे लिहायला जागा नाही. पिग्मी एजंट आदल्या दिवशीची जमा घेऊन उभे होते आणि रोखपाल पुन्हा पुन्हा बटण दाबत होते.

आम्हाला कळलं ते १०:३२ ला, शाखेच्या फोनवरून. कारण सापडलं १०:५३ ला. जागा मोकळी करून नोंदी सुरू झाल्या ११:०१ ला. म्हणजे ४१ पैकी १२ मिनिटं कळण्यात गेली, २१ शोधण्यात आणि ८ दुरुस्तीत. 'घटना एक, कालावधी ४१ मिनिटं' एवढंच लिहिलं की ही फोड नाहीशी होते. खरं तर व्यवस्थापकाला तीच हवी, कारण तिन्ही तुकड्यांवरचे उपाय वेगळे आहेत. दुरुस्ती आठाऐवजी चार मिनिटांत केली असती तरी ग्राहकाला फारसा फरक पडला नसता. शाखेआधी आम्हाला कळलं असतं, तर पडला असता.

म्हणून तपासणी बदलली. आता दर पाच मिनिटांनी एका चाचणी खात्यात एक रुपया जमा होतो आणि लगेच नावे पडतो. (लेखापरीक्षकांना आधी सांगून ठेवावं लागतं, नाहीतर त्या रुपयावरून प्रश्न येतात.) रुपया जमा झाला नाही की आमच्या माणसाचा फोन वाजतो. यालाही मर्यादा आहे: दोन फेऱ्यांच्या मधे तीन मिनिटं बिघाड होऊन गेला, तर तो दिसतच नाही. अहवालाच्या तळाशी हे लिहिलेलं असतं.

घटनेची भाषाही बदलावी लागली. माझं पहिलं वाक्य असं होतं: 'डेटाबेस सर्व्हरवर डिस्क स्पेस संपल्याने राइट ऑपरेशन्स फेल.' बाईंनी ते मला फोनवर वाचून दाखवलं आणि गप्प बसल्या. नंतर लिहिलं ते असं: 'बुधवारी १०:२० ते ११:०१ चौदाही शाखांत जमा-नावे बंद होते. शिल्लक दिसत होती. कोणाचीही रक्कम गहाळ झालेली नाही, त्या दिवशीचा रोखमेळ जुळला आहे.' तिसरं वाक्य मी एरवी लिहिलं नसतं, मला ते उघड वाटत होतं. पण संचालक मंडळाने बाईंना सगळ्यात आधी तेच विचारलं होतं.

खरी खंत वेगळीच आहे. डिस्क एका दिवसात भरत नाही. आधीच्या चार सोमवारी ती ६१, ६८, ७७ आणि ८८ टक्के भरलेली होती. हे आकडे मीच पाठवले होते, नवव्या पानावरच्या तक्त्यात, तीसेक इतर आकड्यांच्या गर्दीत. दर आठवड्याची वाढ सात, नऊ, अकरा, म्हणजे वाढच वाढत होती. पुढचा सोमवार गाठणं कठीण होतं. महिनाभरापूर्वी प्रणालीची नवी आवृत्ती टाकताना कोणीतरी तपशीलवार नोंदी चालू केल्या होत्या आणि त्या बंद करायच्या राहिल्या. मंगळवारी रात्री महिनाअखेरची व्याज-आकारणी चालली, तिने उरलेली जागा खाल्ली.

८८ हा आकडा एकटा वाचला तर 'अजून बारा टक्के आहे' असं वाटतं. चार आकडे ओळीने वाचले की 'दहा दिवसही नाहीत' असं दिसतं. आता अहवाल एकाच पानाचा आहे आणि त्यात डिस्कची टक्केवारी नसते. 'या वेगाने जागा किती दिवस पुरेल' एवढंच असतं. तीस दिवसांखाली आलं की ती ओळ वर सरकते आणि शेजारी लिहिलेलं असतं, कोणी काय ठरवायचं आहे आणि कधीपर्यंत.

कल वाचताना एक फसगत मात्र होते. एक रुपयाची तपासणी सुरू केली त्या आठवड्यात घटना एकावरून चारवर गेल्या. मंडळातल्या एकाने विचारलंच, "काम बिघडलं का?" बिघडलं नव्हतं, आधी जे दिसत नव्हतं ते दिसू लागलं होतं. मोजमाप बदललं की अहवालात त्या आठवड्यावर उभी रेघ मारून कारण लिहावं लागतं. नाहीतर बोलणी खावी लागतात, आणि बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी घटना लिहीतच नाही.

तुमच्या टेबलावर असा अहवाल दर सोमवारी येत असेल, तर पुढच्या वेळी तो पाठवणाऱ्याला दोन गोष्टी विचारा: हे टक्के कोणत्या तासांवर काढलेत, आणि मागच्या आठवड्यातला बिघाड आधी तुम्हाला कळला की आमच्या ग्राहकाला?