गोलाई उड्या का मारते?

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्यांतला एखादा धरून, मधल्या गोल दुमजली इमारतीवर नजर ठेवून, चालता चालता फोनवर हायपरलॅप्स घ्यायचा मोह कुणालाही होईल. घरी येऊन पाहावं, तर १९१७ सालची ती भक्कम इमारत सुपातल्या दाण्यांसारखी उडत असते.

वेग वाढवला की धक्के लपतात, हा पहिला गैरसमज. होतं नेमकं उलटं. दहापट वेगात दर दहा चित्रांतलं साधारण एकच उरतं. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो. त्यामुळे शेजारी येणाऱ्या दोन चित्रांत एक पाऊल टेकतानाचं, दुसरं उचलतानाचं. मधली हालचाल गळते आणि नुसती उडी शिल्लक राहते.

बाकीचं फोन सांभाळेल, हाही भरवसा अर्धाच खरा. फोनमधला जायरोस्कोप फोन किती कलला, किती वळला ते मोजतो. मग सॉफ्टवेअर चित्र तेवढंच उलट फिरवतं आणि कडा छाटतं. २०१४मध्ये आलेलं इन्स्टाग्रामचं हायपरलॅप्स अ‍ॅप असंच चालायचं. पण फोन न कलता चार बोटं वर-खाली झाला, तर जवळचा फळांचा गाडा उडतो आणि लांबची इमारत जवळजवळ जागेवरच राहते. एकच चित्र सरकवून दोन्ही जुळवता येत नाहीत. म्हणून कोपरं बरगड्यांना टेकवावीत, गुडघे किंचित सैल ठेवावेत आणि गाड्यांपासून चार हात लांबून चालावं. स्क्रीनवर ग्रिड लावून इमारतीचा मध्य एकाच रेघेवर धरला, की निम्मं काम होतं.

क्षितिजाची फसगत नांदेडला गोदावरीच्या घाटावर कळते. पलीकडचा काठ आडवा धरला की फोन सरळ, असं वाटतं. काठ अगदी समोर असेल तर ते ठीक. तिरका लांब जाणारा काठ मात्र सरळ फोनमध्येही उतरता दिसतो. तो जबरदस्तीने आडवा केला, की देवळाचं शिखर कलतं. त्यापेक्षा विजेचा खांब आणि पाण्यातलं त्याचं प्रतिबिंब बघावं. चौकटीच्या मध्याजवळ ही दोन्ही एका उभ्या रेषेत आली, की फोन सरळ आहे.

आता वेग. जास्त वेग म्हणजे जास्त मजा, हे गणित लगेच कोसळतं. ताशी साडेचार किलोमीटर चाल दहापटीने ४५ होते, म्हणजे मोटारसायकल, तीसपटीने १३५. बाजारातल्या गर्दीत १३५ने माणसं नव्हे, नुसते रंगाचे फराटे दिसतात. गोलाईपासून ३०० मीटरवरून निघालं तर चार मिनिटं लागतात. दहापटीने त्यांचे २४ सेकंद होतात, तीसपटीने जेमतेम आठ.

शेवटच्या तीसेक मीटरवर इमारत अंगावर आल्यासारखी झपाट्याने मोठी होते. तिथे चाल निम्मी करावी आणि थांबल्यावर फोन तसाच धरून वीस सेकंद उभं राहावं. दहापटीच्या व्हिडिओत त्यांचे दोनच सेकंद होतात.