अर्धीच येणारी ऑर्डर
(भाग ७)

आज यूपीआयच्या क्यूआर कोडबद्दल लिहिणार होतो, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. कारण सांगलीकडच्या एका खानावळवाल्या वाचकाचा फोन. कमिशन वाचवायला त्यांनी आपल्या मेनूच्या पानावर व्हॉट्सअ‍ॅपचं बटण लावलं. ऑर्डरी येऊ लागल्या, पण दिवसाला दोन-तीन मधेच तुटलेल्या. "मटण थाळी १, भाकरी" एवढंच. पुढचे पदार्थ, एकूण रक्कम, पत्ता, सगळं गायब. गिऱ्हाईक चुकून पुसत असेल, असं त्यांना वाटत होतं.

मी तुटलेले मेसेज मागवून घेतले. प्रत्येक मेसेज 'भाकरी' या शब्दाशीच थांबला होता, आणि मेनूत त्या पदार्थाचं नाव होतं 'भाकरी & ठेचा'. खोट त्या & मध्ये होती.

मागे आपण पाहिलं तसं, हे बटण म्हणजे एक लिंकच असते: आधी नंबर, मग `text=` आणि त्यापुढे मजकूर. लिंकमध्ये & चा अर्थ 'इथे हा भाग संपला, दुसरा सुरू' असा होतो. त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपनं 'भाकरी'पर्यंतच मजकूर धरला. पान बनवणाऱ्या मुलानं `encodeURI` वापरलं होतं. ते देवनागरी, मोकळी जागा, नवी ओळ हे सगळं नीट बांधून देतं, पण & आणि # तसेच सोडतं. म्हणून बाकीच्या ऑर्डरी ठणठणीत यायच्या आणि दोष महिनाभर कुणाच्या ध्यानात आला नाही. हवं होतं ते हे:

```
const m = "मटण थाळी १\nभाकरी & ठेचा २\nसोलकढी २";
location.href = "https://wa.me/91XXXXXXXXXX?text="
  + encodeURIComponent(m);
```

नंबर ९१ने सुरू करायचा. अधिकचं चिन्ह किंवा शून्य लावायचं नाही. मेनूत 'आणि' लिहूनही हा दोष झाकता आला असता, पण गिऱ्हाईक पत्त्यात 'फ्लॅट #४' लिहिणारच, आणि # नंतरचा मजकूरही असाच गळतो. तेव्हा दुरुस्ती कोडमध्येच हवी.

फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, "काही जण म्हणतात ऑर्डर दिली, पण माझ्याकडे मेसेजच नाही." हा वेगळा घोळ आहे. आपलं बटण मजकूर फक्त लिहून ठेवतं, पाठवत नाही. व्हॉट्सअ‍ॅप उघडल्यावर हिरवा बाण गिऱ्हाइकानंच दाबायचा असतो, आणि बरेच जण तिथून परत फिरतात. म्हणून बटणाखाली ठळक लिहायला सांगितलं: 'व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मेसेज पाठवल्यावरच ऑर्डर लागेल.' बाण दाबायच्या आधी गिऱ्हाइकाला मजकूर बदलताही येतो, अगदी रक्कमसुद्धा. मेसेजमधल्या बेरजेवर पैसे घेऊ नका; पदार्थ वाचून आपल्या दरानं बेरीज करा, आणि ती कळवून मगच चुलीवर तवा ठेवा.

ते पैसे खरंच आले हे कसं ओळखायचं, तिथून पुढच्या वेळी क्यूआरकडे वळू.