पाळीचा ताल सुटतो तेव्हा

मधुमेह असलेल्या स्त्रीने पंचेचाळिशी ओलांडली की एक तक्रार हमखास सुरू होते. तीच भाकरी, तेच चालणे, तेच औषध, तरी सकाळची उपाशीपोटीची साखर सोमवारी ११५ आणि गुरुवारी १७०. मग घरचे, कधी डॉक्टरही, तिने चोरून काय खाल्ले याचा शोध घेऊ लागतात. पथ्य मोडत असेलच, तर ते तिशीतही मोडत होते. आता बदललेली गोष्ट वेगळी आहे. पाळी जाण्याच्या आधीच्या काही वर्षांत साखर केवळ वाढत नाही, तिचा अंदाज हरवतो, आणि या दोन गोष्टींवरचे उपाय वेगळे आहेत.

इस्ट्रोजेन असते तेव्हा स्नायू आणि यकृत इन्शुलिनला चांगला प्रतिसाद देतात. स्त्रीबीज बाहेर पडल्यानंतर प्रोजेस्टेरॉन वाढते आणि तो प्रतिसाद थोडा मंदावतो, म्हणून काही स्त्रियांची साखर पाळीच्या आधीच्या आठवड्यात चढते. सगळ्यांची चढत नाही, पण जिची चढते तिला तो ताल वर्षानुवर्षांच्या नोंदींतून ठाऊक झालेला असतो. पाळी जाण्याच्या काळात इस्ट्रोजेन सरळ रेषेत उतरत जाते हा समज चुकीचा आहे. ते हेलकावे खाते, कधी तरुणपणापेक्षाही वर जाते, आणि काही महिने स्त्रीबीज बाहेर पडतच नाही, त्यामुळे प्रोजेस्टेरॉनही येत नाही.

रात्री इन्शुलिनची १४ युनिट घेणारी ४७ वर्षांची स्त्री डोळ्यांपुढे आणू. पाळीच्या आधीच्या आठवड्यात साखर चढते, म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती तेवढे दिवस १७ युनिट घेते. आता पाळी कधी २५ दिवसांनी, कधी ४० दिवसांनी येते. नेहमीच्या हिशेबाने तिने डोस वाढवला, पण त्या महिन्यात स्त्रीबीज बाहेरच पडले नव्हते. साखर चढायचे कारणच नव्हते, वाढवलेला डोस मात्र शरीरात गेला आणि पहाटे तीनला साखर ६२ वर आली. दरदरून घाम, धडधड, अस्वस्थता. पाळी जातानाच्या गरम वाफाही अशाच असतात, म्हणून वाफ समजून ती पंखा लावून पडून राहिली, तर धोका आहे. उलट दुसऱ्या रात्री खरोखर वाफच आली आणि तिने साखर उतरली म्हणून गोड खाल्ले, तर सकाळी १९० दिसणार. दोन्ही प्रसंगांत निवाडा फक्त ग्लुकोमीटर करू शकतो. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे. मीटर हाताशी नसेल, तर साखर कमी आहे असेच धरावे. त्यात वाफांनी झोप मोडते, आणि अपुरी झोप दुसऱ्या दिवशी इन्शुलिनचा परिणाम घटवते.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा, की हा वयाचा परिणाम आहे, पाळीचा नव्हे. त्यात तथ्य आहे. अमेरिकेतील डायबिटीस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमच्या माहितीत, वयाचा हिशेब वजा केल्यावर, नैसर्गिकरीत्या पाळी गेल्यामुळे मधुमेहाचा धोका वाढलेला दिसला नाही. पण तिथे प्रश्न मधुमेह जडतो का, हा होता. जिला तो आधीच आहे तिचे आकडे रोज किती हलतात, हे अशा सरासरीत दिसत नाही. शिवाय पाळी जाण्याच्या काळातील स्त्रियांवरच्या, १९९० च्या दशकात सुरू झालेल्या ‘स्वान’ अभ्यासात शेवटच्या पाळीच्या सुमारे दोन वर्षे आधीपासून शरीरातील चरबी वाढण्याचा वेग जवळपास दुप्पट झालेला आढळला आणि पाळी गेल्यावर दोनएक वर्षांत तो थांबला. वय असे मध्येच वेग घेऊन थांबत नाही. हार्मोनच्या गोळ्यांच्या मोठ्या अमेरिकी चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांत मधुमेहाची नवी निदाने सुमारे २१ टक्क्यांनी कमी झाली, यावरूनही हार्मोनचा हात स्पष्ट होतो. केवळ साखरेसाठी त्या गोळ्या घेऊ नयेत. गुठळ्या, पक्षाघात आणि स्तनाच्या कर्करोगाचा धोका त्याच चाचणीत दिसला होता.

रोजच्या आकड्यांकडे काय बघायचे, तीन महिन्यांची एचबीएवनसी पुरेशी आहे, असेही म्हटले जाते. नेमकी याच वयात ती तपासणी फसवू शकते. या काळात अनेकींना जास्त रक्तस्राव होतो. त्यातून लोह कमी झाले तर एचबीएवनसी खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकते, आणि लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर साखरेत फरक न पडताही उतरते. आपल्याकडे स्त्रियांमध्ये रक्तक्षय सर्रास असताना हिमोग्लोबिन न बघता त्या एका आकड्यावर औषध वाढवणे मला बेफिकिरीचे वाटते.

पाळी जाऊन काही वर्षे झाली की हेलकावे बहुधा शमतात. साखर मग थोड्या वरच्या पातळीवर राहते, पण अंदाजात येते. तोवर साखरेच्या वहीत आणखी तीन रकाने आखा: पाळीची तारीख, रात्रीचा घाम, झोपेचे तास. दोन-तीन महिन्यांची ती वही डॉक्टरांपुढे ठेवा आणि तिच्याकडे पाहून झाल्यावरच डोस बदलायला सांगा.