नवा मोबाईल घेताय? आधी ‘साठ’ अन् ‘आठ’ नीट ऐकू येतंय का बघा!

येलदरी (ता. जिंतूर) : मोबाईल घ्यायला गेलं की आपण कॅमेरा किती, बॅटरी किती, स्टोरेज किती एवढंच विचारतो. पण आडत्याला फोनवर ‘साठ कट्टे’ सांगितले अन् त्यानं ‘आठ’ ऐकले तर? अशी गडबड का होते, हे डब्यावरच्या माहितीत कुठेच लिहिलेलं नसतं. ती दुकानातच तपासावी लागते.

‘साठ’चं ‘आठ’ का होतं?

‘स’, ‘श’ या अक्षरांचा सिसकारा खूप बारीक आवाजाचा असतो. जुन्या टूजी पद्धतीच्या कॉलमध्ये साधारण 300 ते 3400 हर्ट्झपर्यंतचाच आवाज पलीकडे जातो. त्यावरचा सिसकारा कापला जातो अन् ‘साठ’मधून ‘आठ’ उरतो. व्होल्टी कॉलमध्ये मात्र 7000 हर्ट्झपर्यंत आवाज जाऊ शकतो, म्हणून तो स्पष्ट वाटतो. त्यासाठी दोन्हीकडच्या फोनमध्ये व्होल्टी चालू असावं लागतं. कॉल चालू असताना स्क्रीनवर HD किंवा VoLTE दिसतंय का, ते बघा. दिसत नसेल तर सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टी बंद राहिलंय का, हे आधी तपासा.

दुकानात काय करायचं?

समजा, तुम्ही जिंतूरला फोन घ्यायला गेलात. डबा तिथंच उघडायला सांगा अन् आपलं सिम टाका. दुकानाबाहेर, गाड्यांची वर्दळ असेल तिथं उभे राहून येलदरीला घरी फोन लावा. ‘साठ, आठ, सात, दहा, सहा’ असे आकडे उलटसुलट क्रमानं सांगा अन् घरच्यांना तेच परत म्हणायला लावा. मग त्यांनी सांगायचं, तुम्ही म्हणायचं.

त्यांना तुमचं कळत नसेल पण तुम्हाला त्यांचं नीट कळत असेल, तर संशय नव्या फोनच्या माईकवर. उलट असेल तर कानाजवळच्या स्पीकरवर. मग तेच सिम जुन्या फोनमध्ये टाकून त्याच जागेवरून पुन्हा बोला. दोन्ही फोनवर आवाज तुटत असेल तर दोष बहुधा नेटवर्कचा; नव्यावरच तुटत असेल तर फोनचा.

गोंगाटाची परीक्षा का घ्यायची? बहुतेक फोनला एक माईक खाली तोंडाजवळ अन् दुसरा वरच्या बाजूला असतो. खालच्यात बोलणं अन् गोंगाट दोन्ही येतं, वरच्यात जास्त करून गोंगाट. फोन त्यावरून गोंगाट ओळखून बोलण्यातून कमी करतो. हे काम नीट होत नसेल तर शांत दुकानात फोन चांगला वाटतो अन् रस्त्यावर, मोटारीजवळ किंवा धरणाच्या भिंतीवर वाऱ्यात बोललं की पलीकडे नुसती घरघर ऐकू जाते. दुकानात पंख्यासमोर उभं राहूनही एकदा बोलून बघा.

दोन्ही माईक चालू आहेत का?

व्हॉइस रेकॉर्डर चालू करा अन् खालच्या, मग वरच्या बारीक छिद्राजवळ नखानं हलकेच खरवडा. नंतर व्हिडिओ रेकॉर्ड करताना तसंच करा. रेकॉर्डर बऱ्याचदा खालचा माईक वापरतो, व्हिडिओला वरचाही लागतो. दोन्ही मिळूनही एखाद्या छिद्राजवळची खरखर कुठेच आली नाही, तर दुकानदाराला विचारा. एक चूक मात्र टाळा : सिम काढायची पिन माईकच्या छिद्रात घालू नका. ती छिद्रं सारखीच दिसतात अन् पिन आत गेली तर माईक फुटू शकतो.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज नाही

स्पीकरवर गाणं लावण्यापेक्षा बातम्या लावा. आवाज पूर्ण वाढवा. शब्द फाटतात का, मागचं झाकण थरथरतं का, ते ऐका. ‘300 टक्के आवाज’ असं लिहिलेल्या फोनमध्ये छोट्या स्पीकरवर जास्त जोर टाकलेला असतो. शेवटच्या टप्प्यात शब्द फाटत असतील तर तो आवाज कामाचा नाही.

कव्हर अन् काच लावल्यावर हीच परीक्षा पुन्हा एकदा घ्या. काच कानाजवळची फट झाकते, कव्हर खालचा माईक. तसंच फोन कानाला लावल्यावर स्क्रीन लगेच बंद होते का, तेही बघा. काही स्वस्त फोनमध्ये यासाठीचा वेगळा सेन्सर नसतो. मग गाल लागून ‘म्यूट’ दाबलं जातं अन् आपण ‘हॅलो हॅलो’ करत बसतो.

हे सगळं पाच-दहा मिनिटांचं काम आहे. बिल घेऊन बाहेर पडण्याआधी काउंटरवरच उरका. तिथं दोष सापडला तर लगेच बदलून मागता येतो. घरी आल्यावर सापडला तर बहुधा सर्व्हिस सेंटरच्या चकरा वाट्याला येतात.